‘रुजू होईन’ आणि ‘रुजू होण्याचा मानस आहे’

नियुक्तिपत्राला उत्तर म्हणून जाणारा मेल सात-आठ ओळींचा असतो. पत्र मिळाले, पद स्वीकारतो, अमुक तारखेला रुजू होतो, एवढेच त्यात सांगायचे असते. तरीही क्वचितच कोणी तो लिहिल्या लिहिल्या पाठवून देतो. शाळेतल्या जुन्या बाई, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले काका, आधीच नोकरीला लागलेली मैत्रीण अशा कोणाकडून तरी तो ‘जरा नजरेखालून’ घातला जातो. मेल परत येतो तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असतात आणि भाषाही जास्त औपचारिक झालेली असते. तपासणाऱ्याने नेमके काय सुधारावे आणि कशाला हात लावू नये, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे.

याबाबत दोन मते ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिल्या मताप्रमाणे हा मेल कार्यालयाच्या फायलीत जाणारा पहिला कागद आहे. त्यात ‘स्विकार’ किंवा ‘त्या बद्दल’ दिसले तर माणसाचा निष्काळजीपणा पहिल्याच दिवशी नोंदला जातो. दुसऱ्या मताप्रमाणे कार्यालयाला हवी असते फक्त तारीख. वेलांटीवरून माणसाची किंमत करणे हा शिकलेल्या घरांचा जुना अहंकार आहे आणि तपासून घेण्याच्या धावपळीत उत्तराची मुदत मात्र निघून जाते. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक गोष्ट राहून जाते. काही चुकांनी फक्त लिहिणाऱ्याची प्रतिमा बिघडते, काही चुकांनी कराराचा अर्थच बदलतो, आणि व्याकरणाच्या तपासणीत दुसऱ्या प्रकारच्या चुका बहुधा सापडतच नाहीत, कारण त्या वाक्यांचे व्याकरण बिनचूक असते.

एक उदाहरण घेऊ. सांगलीतल्या एका छापखान्यात काम करणाऱ्या तरुणीला पुण्यातील एका मराठी प्रकाशनगृहाकडून कनिष्ठ संपादक पदाचे पत्र आले. पत्राची तारीख २४ जून २०२५. रुजू होण्याची तारीख १ सप्टेंबर. स्वीकृती ३० जूनपर्यंत मेलने कळवावी आणि सही केलेली प्रत सोबत जोडावी, अशी सूचना पत्रात आहे. सध्याच्या नोकरीत तिला ६० दिवसांचा नोटीस पिरियड आहे. अडचण एकच. २०२५ मध्ये गौरीपूजन नेमके १ सप्टेंबरला आले आणि विसर्जन २ तारखेला. तिच्या घरी गौरी बसतात. म्हणून ३ तारखेला रुजू व्हावे असे तिला वाटते. तिने पहिला खर्डा असा केला:

“आपले नियुक्ती पत्र मिळाले, त्या बद्दल मी आपली आभारी आहे. आपण दिलेली संधी स्विकारण्यास मला आनंद होत आहे. मी १ तारखेला रुजू होण्याचा पूर्ण प्रयत्न करेन परंतु घरी गौरी असल्याने ३ तारखेपासून आल्यास चालेल का ते कळवावे. पगाराबाबत फोनवर बोलल्याप्रमाणे गृहीत धरते. लोभ असावा.”

शुद्धलेखनाच्या चुका शोधायला वेळ लागत नाही. ‘नियुक्तिपत्र’ हा सामासिक शब्द आहे, तो जोडून लिहायचा आणि पूर्वपदातली ‘ति’ ऱ्हस्वच ठेवायची. ‘त्याबद्दल’मधले ‘बद्दल’ शब्दयोगी अव्यय आहे, तेही जोडूनच येते. ‘स्वीकारण्यास’मध्ये ‘स्वी’ दीर्घ. जुनी शिस्त पाळणारे ‘करेन’च्या जागी ‘करीन’ मागतील, कारण क्रियापद सकर्मक आहे. आज ‘करेन’ इतके रुळले आहे की त्यावर अडून बसण्यात मला अर्थ दिसत नाही. ‘लोभ असावा’ घरगुती पत्रात शोभते, इथे ‘आपली विश्वासू’ पुरे. शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारची भर ज्यांना सवयीने पाठ आहे, ते हे सगळे पाच मिनिटांत उरकतील.

इथवर दुसऱ्या मताशी मी बराचसा सहमत आहे. ‘स्विकार’ लिहिल्याने स्वीकार बाद होत नाही. एखाद्या कारखान्यात वायरमन म्हणून रुजू होणाऱ्या मुलाच्या मेलमध्ये ही वेलांटी चुकली आणि ती पाहून कोणी नाक मुरडले, तर दोष नाक मुरडणाऱ्याचा. मात्र आपल्या उदाहरणातली मुलगी संपादनाच्या कामावर चालली आहे. दुसऱ्यांच्या वेलांट्या तपासण्याचाच पगार तिला मिळणार आहे. तिच्या बाबतीत ही चूक कामाशी थेट जोडलेली आहे, म्हणून ती दुरुस्त झालीच पाहिजे. मग दुसऱ्याकडून मेल तपासून घेणे म्हणजे आपली पात्रता फुगवून दाखवणे नव्हे का, असेही कोणी विचारेल. मला तसे वाटत नाही. तिची परीक्षा मुलाखतीत आणि चाचणीत झालेली आहे. शिवाय संपादकसुद्धा आपला मजकूर दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालतोच, त्या व्यवसायाची रीतच ती आहे.

आता तपासणाऱ्याच्या हातून काय होऊ शकते ते पाहू. समजा हा खर्डा कार्यालयीन पत्रव्यवहारात आयुष्य घालवलेल्या एखाद्या वडीलधाऱ्याकडे गेला आणि मधले वाक्य असे होऊन परतले: “दि. १ सप्टेंबर २०२५ रोजी रुजू होण्याचा माझा मानस असून, गौरीपूजनाच्या कारणास्तव दि. ३ सप्टेंबरपासून रुजू होण्याची अनुमती मिळाल्यास मी उपकृत होईन.” यात एकही अशुद्ध शब्द नाही. भाषा भारदस्त आहे. पण मूळ खर्ड्यात धूसर असलेली गोष्ट यात आणखी धूसर झाली. ती येणार आहे का? कधी? १ तारीख हा मानस आहे, ३ तारीख अनुमतीवर अवलंबून आहे, आणि अनुमती मिळालीच नाही तर काय, याबद्दल वाक्य गप्प आहे. पुण्यात बसलेल्या प्रशासन अधिकाऱ्याला १ सप्टेंबरला तिच्यासाठी टेबल मांडून ठेवायचे की नाही, हे या वाक्यावरून ठरवता येणार नाही.

कायदा इथेच येतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याचे सातवे कलम सांगते की प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे, आणि प्रस्तावात स्वीकाराची रीत ठरवून दिली असेल तर तो त्या रीतीने झाला पाहिजे. म्हणून सही केलेली प्रत जोडणे ही नुसती औपचारिकता नाही. मेलवरचा स्वीकार कच्चा, असा एक समज अजून आहे, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १०अ कलमाप्रमाणे केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता अ‍ॅल्युमिनियम या बॉक्साइटच्या सौद्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मेलच्या देवाणघेवाणीतून झालेला करार ग्राह्य धरला. औपचारिक करारपत्रावर सह्या व्हायच्या राहिल्या होत्या, तरीही.

आपल्या मुलीच्या वाक्याला लागू पडतील असे दोन जुने इंग्रजी निवाडे आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ते पहिल्याच वर्षी शिकवले जातात. १८४० सालच्या हाइड विरुद्ध रेंच या खटल्यात एकाने आपली शेती १००० पौंडांना देऊ केली. दुसऱ्याने ९५० देतो म्हटले. पहिल्याने नकार दिला. तेव्हा दुसरा म्हणाला, बरे, १०००ला घेतो. न्यायालयाने सांगितले की करार झालाच नाही, कारण ९५० म्हणताच मूळ प्रस्ताव संपला. १८८० सालच्या स्टीव्हन्सन विरुद्ध मॅकलीन या खटल्यात लोखंडाचा सौदा होता. खरेदीदाराने तारेने नुसती विचारणा केली होती की माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने देण्याच्या बोलीवर हाच भाव चालेल का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल? ही केवळ चौकशी आहे, प्रतिप्रस्ताव नव्हे, असे न्यायालयाने ठरवले आणि मूळ प्रस्ताव जिवंत राहिला.

म्हणजे ‘३ तारखेला आले तर चालेल का?’ हा सरळ प्रश्न सुरक्षित आहे, आणि ‘३ तारखेपासून रुजू होण्याच्या अटीवर स्वीकारते’ हे वाक्य धोक्याचे. मराठी व्याकरणात क्रियापदाचे अर्थ शिकवतात. नुसते विधान असेल तर स्वार्थ, जर-तर असेल तर संकेतार्थ, इच्छा किंवा योग्यता असेल तर विध्यर्थ. परीक्षेनंतर हा धडा कोणी आठवत नाही, पण या मेलमध्ये तोच कामाचा आहे. स्वीकाराचे आणि तारखेचे वाक्य स्वार्थातच असले पाहिजे. ‘प्रयत्न करेन’, ‘मानस आहे’, ‘मिळाल्यास उपकृत होईन’ ही सगळी विनयाची वळणे आहेत आणि एरवी ती आपल्या भाषेची शोभा आहेत. मराठी माणसाला वडीलधाऱ्यांसमोर ‘येतो’ असे ठणकावून सांगणे जड जाते, ‘बघतो जमले तर’ हे सहज तोंडी येते. तपासणाऱ्याला ही वळणे चूक वाटत नाहीत, उलट तो आणखी दोन घालतो.

मी हे थोडे ताणतो आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. कनिष्ठ संपादकाच्या नोकरीवरून कोणी न्यायालयात जात नाही. मनाविरुद्ध कोणाला कामावर रुजू व्हायला न्यायालय लावतही नाही. प्रकाशनगृहातली माणसे समजूतदार असतील तर खर्डा वाचून फोन उचलतील आणि दोन मिनिटांत तिढा सुटेल. हे खरे असले, तरी धूसर वाक्याची झळ कोणाला बसते ते पाहा. संस्थेपुढे यादीतला पुढचा उमेदवार उभा असतो. मुलीला मात्र हा मेल पाठवून लगेच हातातली नोकरी सोडायची असते. राजीनामा गेला आणि इकडून ‘आपली निश्चित स्वीकृती मुदतीत न आल्याने’ असे उत्तर आले, तर दोघांपैकी तिचेच पाय अधांतरी. म्हणून वाक्य नेमके असण्याची गरज तिची जास्त आहे.

मग गौरींचे काय? इथे मला दोन रस्ते दिसतात. पहिला म्हणजे १ तारखेचा स्वीकार निःसंदिग्ध लिहायचा आणि खाली स्वतंत्र परिच्छेदात विनंती करायची, की शक्य असल्यास ३ तारखेला येण्याची मुभा मिळावी, न मिळाल्यास मी १ तारखेला हजर राहीन. यात नोकरी सुरक्षित राहते. पण मेलमध्ये दोन तारखा येतात आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेत चुकीचीच बसण्याचा संभव राहतो. दुसरा रस्ता म्हणजे मेलच्या आधी फोन करून विचारायचे. प्रकाशनगृह पुण्याचे आहे, गौरींचे महत्त्व तिथे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. होकार आला तर मेलमध्ये एकच तारीख जाते, ३ सप्टेंबर, आणि तिच्यापुढे ‘२५ जून रोजी फोनवर आपण मान्य केल्याप्रमाणे’ ही नोंद. नकार आला किंवा मुदतीत उत्तरच आले नाही, तर १ तारखेचा मेल. मी दुसऱ्या रस्त्याच्या बाजूचा आहे. विचारायला संकोच वाटतो म्हणूनच लोक प्रश्न मेलमध्ये लपवतात, आणि लपवलेला प्रश्न अटीसारखा वाचला जातो. संस्थेने फक्त मेलचाच पत्ता दिला असेल, तर २५ तारखेला एका ओळीचा विचारणा-मेल पाठवावा. स्वीकाराचा मेल वेगळा ठेवावा.

पगाराच्या वाक्याचेही तेच. ‘फोनवर बोलल्याप्रमाणे गृहीत धरते’ हे वाक्य मेलमध्ये नकोच. फोनवर कबूल झालेला आकडा पत्रात नसेल, तर आधी सुधारित पत्र मागावे. पत्रात असेल, तर ‘पत्रातील अटींप्रमाणे’ म्हटले की तो आला. गृहीत धरण्याने तिच्या हाती काहीच येत नाही.

समजा फोनवर उत्तर मिळाले की १ तारखेलाच नव्या लोकांची ओळख-बैठक आहे, तेव्हा यावेच लागेल. मग तिचा मेल असा होईल:

“विषय: कनिष्ठ संपादक पदाचा स्वीकार, रुजू होण्याची तारीख १ सप्टेंबर २०२५

महोदय,

आपले २४ जून २०२५ रोजीचे नियुक्तिपत्र मिळाले. आभारी आहे. पत्रातील सर्व अटींसह कनिष्ठ संपादक हे पद मी स्वीकारत आहे. मी सोमवार, १ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी १० वाजता आपल्या पुणे कार्यालयात रुजू होईन.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा मी ३० जून रोजी देत असून ६० दिवसांची मुदत २९ ऑगस्टला पूर्ण होते.

सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. येताना कोणती मूळ कागदपत्रे आणावीत, ते कृपया कळवावे.

आपली विश्वासू”

खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर. तारखेसोबत वार मुद्दाम घातला आहे. आकड्यात चूक झाली तर वार जुळत नाही आणि ती लगेच लक्षात येते. महिना अक्षरांत आहे, कारण ०१/०९/२०२५ असे लिहिले तर अमेरिकी वळणाने वाचणाऱ्याला ते ९ जानेवारी दिसते. प्रकाशनगृहात हा प्रश्न येणार नाही, पण मुख्यालय परदेशात असलेल्या कंपनीला इंग्रजीत मेल लिहिणाऱ्या आपल्या मुलांना तो येतो. त्या इंग्रजी मेलमध्येही ‘वुड लाइक टू अ‍ॅक्सेप्ट’ची सवय आहे. तिथे नुसते ‘अ‍ॅक्सेप्ट’ बरे, आणि ‘विल ट्राय टू जॉइन’ तर नकोच. ‘३१ ऑगस्टपर्यंत’सारखा शब्दही टाळावा, त्यात ३१ धरायची की नाही यावर वाद होतो.

राजीनाम्याच्या वाक्याबद्दल मात्र मतभेद राहील. काही जण सांगतील की ‘कार्यमुक्त झाल्यावर रुजू होईन’ असे लिहिणेच प्रामाणिकपणाचे आहे, कारण जुनी संस्था सोडील की नाही हे तिच्या हातात नाही. मुद्दा खरा आहे. पण ‘झाल्यावर’ म्हटले की तारखेला काही अर्थ उरत नाही, तो दिवस सप्टेंबरातला असेल किंवा नोव्हेंबरातला. म्हणून मी ती गोष्ट अट म्हणून न घालता माहिती म्हणून घातली. १ जुलैपासून मोजले तर साठावा दिवस २९ ऑगस्ट, शुक्रवार. मध्ये शनिवार-रविवार, मग सोमवारी पुणे. वाचणाऱ्याला कळते की तारीख हिशेब करून दिलेली आहे आणि तिला पुढे फारशी सवड नाही. एक काळजी घ्यावी. काही ठिकाणी राजीनाम्याचा दिवस धरून मोजतात, काही ठिकाणी तो सोडून. जुन्या नोकरीच्या नेमणुकीच्या पत्रात याचा उल्लेख शोधावा, नसेल तर विचारून घ्यावे.

मेलचा क्रमही राजीनाम्याशी बांधलेला आहे. आधी स्वीकाराचा मेल, मग तो मिळाल्याची समोरून आलेली पोच, आणि त्यानंतरच राजीनामा. आपल्या उदाहरणात २७ जूनला, शुक्रवारी मेल गेला तर पोच मागायला आणि पाठपुरावा करायला ३० तारखेची सकाळ हाताशी राहते. २९ तारखेच्या रात्री वेलांट्या तपासत बसले तर ती राहत नाही. कागदपत्रांच्या पडताळणीनंतरच नेमणूक पक्की, असे कलम पत्रात असेल, तर कितीही नेटका मेल ते कलम पुसू शकत नाही. ती पडताळणी राजीनाम्याआधी उरकून घेता येईल का, हे त्याच फोनवर विचारावे.

आणि ऑगस्टमध्ये छापखान्याच्या मालकांनी हातातले काम संपवून जा असा आग्रह धरला, तर ज्या दिवशी हे कळेल त्याच दिवशी, त्याच मेलला उत्तर म्हणून नवीन मजकूर जावा: ‘२९ ऑगस्टऐवजी ५ सप्टेंबरला कार्यमुक्त केले जाईल, असे मला आज कळवण्यात आले. सोमवार, ८ सप्टेंबर २०२५ रोजी रुजू होण्यास आपली मान्यता मिळावी.’ इथे ‘मान्यता मिळावी’ हा विध्यर्थच योग्य आहे. स्वीकार होऊन गेला आहे, आता ती ठरलेली गोष्ट बदलून मागते आहे, आणि ती बदलायची की नाही हे आता समोरच्याने ठरवायचे आहे.